नाइट्राइलची ओळ

सव्वीस वर्षं मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतोय, आणि त्यातली एकोणीस वर्षं एक ओळ चुकीची शिकवली. हे आधीच सांगून टाकतो. वेळेवर न सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही, ते पुढे कळेलच. निदान इथे तरी तसं नको.

मुलं मला पाठीमागे 'तक्तासर' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खोटं कशाला बोलू, आवडायचं. रेणूंना नावं देण्याचे नियम पुस्तकात पानंच्या पानं भरून आहेत. अमुक असल्यास तमुक, मात्र ढमुक नसल्यास, वगैरे वगैरे. पहिली काही वर्षं मी ते नियम ओळीने वाचून दाखवायचो आणि मागच्या बाकांवर मुलं खुशाल पेंगायची. मग एका सुट्टीत मी मांडी ठोकून बसलो आणि त्या सगळ्या चऱ्हाटाचा एकच तक्ता केला. चार रकाने. पहिला अग्रक्रम, दुसरा क्रियात्मक गट, म्हणजे रेणूला त्याचा गुण देणारा अणूंचा पुंजका, तिसरा तो गट सर्वांत मोठा असेल तर नावाच्या शेवटी काय लावायचं, आणि चौथा तो धाकटा ठरला तर नावाच्या सुरुवातीला काय लावायचं. एका रेणूत दोन-तीन गट असले तरी आडनाव एकालाच मिळतं, तक्त्यात जो वर त्याला. बाकीच्यांनी पुढे गुमान उभं राहायचं. अल्कोहोल वरचा असेल तर नाव 'ऑल'ने संपणार, धाकटा असेल तर सुरुवातीला 'हायड्रॉक्सी' होणार. एवढं समजलं की पोरं नावं अशी पटापट सांगायची की बाहेरच्या तपासणीसांनी दोनदा लेखी कौतुक केलं. मग कॉलेजने तो तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवर रंगवून घेतला, पुढे सोडवलेल्या उदाहरणांसह त्याची पुस्तिका छापली, आणि मी जरा जास्तच ताठ चालायला लागलो.

त्याच प्रयोगशाळेत मावशी आहेत. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण कॉलेजात परिचर म्हणून बाई लागली की ती मावशीच होते, त्याला इलाज नाही. चौदा वर्षं त्यांनी माझे चंबू आणि ब्युरेट धुतले, बाटल्या पुसून जागच्या जागी ठेवल्या. बारावी विज्ञान झालेल्या. पुढे लग्न, दोन मुली, नवऱ्याचं लांबलेलं दुखणं, त्यात शिक्षण राहून गेलं. गेल्या वर्षी संस्थेने नियम काढला की असे परिचर खात्याची परीक्षा देऊन प्रयोगशाळा सहायक होऊ शकतात. पन्नास गुणांचा पेपर, तीस मिळाले की पास, आणि संधी दोनच. दोन्ही वेळा नापास झालं की जागा बाहेरच्या माणसाला. सहायक म्हणजे स्वतःचं टेबल, रसायनांच्या रजिस्टरवर स्वतःची सही, आणि 'मावशी, फडकं आणा' या हाकेतून कायमची सुटका. मावशींनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण दुपारच्या सुट्टीत त्या डबा बाजूला सारून माझी पुस्तिका वाचायच्या ते मी पाहत होतो.

पेपर मी काढला, तपासलाही मीच. त्यात एक प्रश्न होता: HO–CH₂–CH₂–CN, नाव लिहा. एका टोकाला अल्कोहोल, दुसऱ्या टोकाला नाइट्राइल. माझ्या तक्त्यात नाइट्राइल सर्वांत खाली, अमाइनच्याही खाली. म्हणजे आडनाव अल्कोहोलचं, नाइट्राइल धाकटा म्हणून सुरुवातीला 'सायनो', उत्तर २-सायनोएथेनॉल. मावशींनी लिहिलं होतं ३-हायड्रॉक्सीप्रोपेननाइट्राइल. म्हणजे त्यांनी नाइट्राइलला मोठा धरला, त्याचा कार्बन साखळीत पहिला मोजला आणि अल्कोहोलला पुढे बसवला. मी लाल शाईने आडवी रेघ मारली. दोन गुण गेले. बेरीज एकोणतीस आली.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाची तुकडी चालू असताना मावशी उत्तरपत्रिका घेऊन आल्या. आवाज खाली ठेवून त्यांनी विचारलं की हे उत्तर नेमकं कुठे चुकलं. आता बघा, मी त्यांना केबिनमध्ये नेऊ शकलो असतो. दोन मिनिटांचं काम होतं. पण समोर वीस पोरं उभी होती, माझा तक्ता भिंतीवर होता, आणि एका गुणाने हुकलेली माणसं घासाघीस करायला येतात याचा मला पहिल्यापासून राग. मी त्यांना तक्त्यासमोर उभं केलं. हातात पट्टी दिली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावली. त्यांनी वाचली. आम्ल, एस्टर, अमाइड, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल, अमाइन आणि शेवटी नाइट्राइल.

"आता सांगा, वर कोण?"

"अल्कोहोल."

"मग? मावशी, बाटल्या धुणं वेगळं आणि बाटलीत काय आहे त्याचं नाव देणं वेगळं."

पोरं फिदीफिदी हसली. मीसुद्धा थोडा हसलो, खरं सांगायचं तर त्यांच्याआधी मीच. मावशींनी पट्टी टेबलावर ठेवली, उत्तरपत्रिकेची घडी घातली आणि बेसिनकडे गेल्या. माझा मात्र तो दिवस फार मजेत गेला, स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला.

तीन आठवड्यांनी रसायनांची वार्षिक मोजणी होती. कपाटाच्या वरच्या फळीवर मागच्या बाजूला एक तपकिरी बाटली निघाली. कित्येक वर्षांत कोणी उघडलेली नव्हती, पण धूळ नव्हती, कारण मावशी दर शनिवारी ती पुसतात. मी चष्मा वर सारून चिठ्ठी वाचली. ३-हायड्रॉक्सीप्रोपिओनाइट्राइल. प्रोपिओ हे जुन्या वळणाचं, ते सोडा. पण शेवट नाइट्राइलचा होता आणि हायड्रॉक्सी पुढे होता. खाली रचना छापलेली. तोच रेणू.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय यावा? कंपनीने चिठ्ठी चुकीची छापली. इतका मी माझ्या प्रेमात होतो. मग शेजारची बाटली बघितली, ४-अमिनोबेंझोनाइट्राइल. माझ्या तक्त्याप्रमाणे अमाइन वर, म्हणजे हे नावही चूक. दोन वेगळ्या कंपन्या, दोन्ही चूक, आणि मी एकटा बरोबर? चूक माझीच हे कळलं ते तिथे, शिडीवर उभं असताना. मी बाटली परत ठेवली आणि डोकं दुखतंय असं सांगून घरी गेलो. मावशींनी शिडी धरली होती. सावकाश उतरा सर, म्हणाल्या.

घरी माळ्यावरून माझी जुनी वही काढली. पहिला तक्ता, माझ्याच अक्षरात. अमाइड, त्याखाली नाइट्राइल, त्याखाली अल्डिहाइड. पुस्तक उघडलं, तिथेही तेच. वहीत मी बरोबर लिहिलं होतं! मग भिंतीवर ते खाली कसं गेलं, हे आठवायला मला फार वेळ लागला नाही, आणि आठवलं तेव्हा वाटलं की नसतं आठवलं तर बरं झालं असतं.

भिंत रंगवायला आलेल्या पेंटरला मी वहीचं पान दिलं होतं आणि समोर उभं राहायचं सोडून चहाला गेलो होतो. परत आलो तर त्याच्याकडून एक ओळ सुटलेली, नाइट्राइलची. रंग वाळला होता. तो म्हणाला, खालचं सगळं खरवडावं लागेल, दोन दिवस जातील. अमाइनच्या खाली एक ओळ रिकामी राहत होती. मी म्हटलं, जाऊ दे रे, तिथे लिही, नाइट्राइल कोण विचारतंय. वर्गात तोंडी सांगू असं ठरवलं. पहिल्या वर्षी सांगितलं. दुसऱ्या वर्षी बहुतेक सांगितलं. पुढे पुस्तिका छापायची वेळ आली तेव्हा वही माळ्यावर होती आणि भिंत डोळ्यांसमोर. मी भिंतीवरूनच उतरवून घेतलं. तोवर भिंत काय सांगते तेच मला खरं वाटायला लागलं होतं.

आणि उदाहरणं? पुस्तिकेत बारा सोडवलेली उदाहरणं आहेत. नाइट्राइल त्यात दोनदाच येतो. एकदा एकटा, तिथे तो कुठल्याही ओळीत असला तरी नाव तेच. एकदा आम्लाबरोबर, तिथे आम्ल तसंही वरच. ज्यांच्याशी त्याचा खरा सामना व्हायला हवा होता, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल, अमाइन, त्यांतल्या एकाशीही मी त्याची गाठ घातली नव्हती. म्हणून तक्ता एकोणीस वर्षं कधी उघडा पडला नाही. मध्ये एका मुलीने विचारलं होतं, पुस्तकात वेगळं दिसतंय सर. मी तिला म्हटलं होतं, तक्ता बघ, पुस्तक नंतर. तिचा चेहरासुद्धा आता आठवत नाही, पण माझं वाक्य आठवतं.

बायकोने विचारलं, चेहरा का उतरलाय. मी म्हटलं, मोजणीत एक बाटली कमी भरली. बघा, तिच्याशीही धड बोललो नाही.

सरळ माणसाने दुसऱ्या दिवशी काय केलं असतं? प्राचार्यांकडे गेला असता, दोन गुण वाढवा म्हणाला असता, एकतीस झाले असते, मावशी पास. संपलं. मी उठलो, गेलोही, प्राचार्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो. आत कोणीतरी होतं. बसल्या बसल्या मला एकोणीस तुकड्या दिसायला लागल्या, छापलेली पुस्तिका, तिच्यावरचा माझा फोटो, स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलेला तो किस्सा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. शिपाई म्हणाला, जा आत. मी म्हटलं, नंतर येतो.

मग मी एक शहाणपणाचा मार्ग काढला. शहाणपणाचा म्हणजे भ्याड. मावशींची दुसरी संधी दोन महिन्यांवर होती. पेपर पुन्हा मीच काढणार होतो. त्यात नाइट्राइलचे एक सोडून दोन प्रश्न घालायचे, दोन-दोन गुणांचे, आणि उत्तरसूची पुस्तकाप्रमाणे बरोबर करायची. बाईला बरोबर उत्तर येतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती तेच लिहील, चार गुण आयते मिळतील, पास होईल. भिंत उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगवून घ्यायची, पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची, 'सुधारित' असं वर छापायचं. कोणाला पत्ता नाही. त्या दिवशी मी मावशींसाठी स्टाफरूममधून चहासुद्धा पाठवला. किती उदार माणूस!

ते दोन महिने मी त्यांच्याकडे नीट बघत नव्हतो. त्या दुपारी बेसिनपाशी स्टुलावर बसून पुस्तिका वाचायच्या, ओठ हलत असायचे. मला वाटायचं, चाललाय अभ्यास, बरं आहे. एकदा त्या उठून तक्त्यासमोर गेल्या आणि डोळे मिटून पुटपुटत राहिल्या. मी प्रयोगवह्या तपासत होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला तेव्हा, एकच. मी वहीवर सही केली आणि पुढची घेतली.

परीक्षा झाली. तपासून झाल्यावर पेपर आमच्या नवीन मॅडमकडे फेरतपासणीला जायचा होता. त्यांना नोकरीत दोन वर्षं झालीत, हुशार आहेत, माझ्याशी जपून बोलतात. मी मावशींची उत्तरपत्रिका मुद्दाम शेवटी ठेवली होती, गोड घास शेवटी खावा तशी.

नाइट्राइलचा पहिला प्रश्न: OHC–CH₂–CH₂–CN. एका टोकाला अल्डिहाइड, दुसऱ्या टोकाला नाइट्राइल. बरोबर उत्तर ४-ऑक्सोब्युटेननाइट्राइल, धाकटा अल्डिहाइड सुरुवातीला 'ऑक्सो' होऊन. मावशींनी लिहिलं होतं ३-सायनोप्रोपेनाल. दुसरा: CH₃–CO–CH₂–CN. बरोबर उत्तर ३-ऑक्सोब्युटेननाइट्राइल. मावशींनी लिहिलं होतं १-सायनोप्रोपॅन-२-ओन. माझ्या तक्त्याप्रमाणे दोन्ही अगदी चोख. मी शेवटचं पान उलटलं. कच्च्या कामाच्या जागी त्यांनी माझा अख्खा तक्ता पाठ लिहून काढला होता, चारही रकाने, पट्टीने रेघा आखून. तळाशी नाइट्राइलची ओळ. तिच्याखाली दोनदा अधोरेखित केलं होतं, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हा सर्वांत धाकटा, विसरू नये.'

बेरीज सत्तावीस. ते चार धरले असते तर एकतीस.

चुकीच्या उत्तरांना गुण देऊन टाकावेत असं मनात आलं, मग उत्तरसूची आठवली; ती मीच, माझ्या हाताने, दुरुस्त केली होती. पहिल्या वेळी सूची चूक होती आणि बाई बरोबर होती. दुसऱ्या वेळी सूची बरोबर आणि बाईला चूक मी शिकवलेली. दोन्ही वेळा पडली ती, आणि दोन्ही वेळा ढकलणारा मीच. मला स्वतःची इतकी शिसारी आधी कधी आली नव्हती.

मी उत्तरपत्रिका घेऊन प्रयोगशाळेत गेलो. तुकडी नव्हती. मावशी ब्युरेट उलटे करून स्टँडला लावत होत्या. मी विचारलं की हे दोन प्रश्न असे का सोडवलेत.

"तक्त्याप्रमाणे सर. चुकलं का?"

"पण पहिल्या परीक्षेत तर तुम्ही नाइट्राइल मोठा धरला होता."

"तेव्हा बाटलीवर वाचलेलं लिहिलं होतं. वरच्या फळीवरची, दर शनिवारी पुसते ना. तुम्ही चूक म्हणालात. मग ते डोक्यातून काढून टाकलं." हातातला ब्युरेट त्यांनी नीट अडकवला. "सहजासहजी जाईना सर. चौदा वर्षं वाचलेलं होतं. ते पुसायलाच महिना गेला माझा."

मी म्हटलं, मावशी, तुमचं पहिलं उत्तर बरोबर होतं. तक्ता चूक आहे. मग पेंटरपासून सगळं सांगितलं. माझी जीभ अडखळत होती, मधेच मी 'अनवधानाने' असा शब्द वापरला आणि माझा मलाच राग आला. त्या ऐकत होत्या. मला वाटलं आता रडतील, किंवा चार शब्द सुनावतील, सुनावले असते तर मला हवंच होतं. त्यांनी फक्त एक विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. आज कळलं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता.

"मोजणीच्या दिवशी. शिडीवर."

त्यांनी मनात हिशेब केला ते मला दिसलं. मोजणी, मग दोन महिने, मग परीक्षा. शिडी कोणी धरली होती तेही त्यांना आठवलं असणार.

"म्हणजे मी पाठ करत होते तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात," त्या म्हणाल्या, आणि नळ सोडून हात धुवायला लागल्या. हात स्वच्छच होते.

प्राचार्यांकडे मी त्याच पावली गेलो, दोन्ही उत्तरपत्रिका, दोन महिने बॅगेतच पडून असलेली वही आणि पुस्तक घेऊन. मावशींना बरोबर चला म्हटलं, त्या आल्या, पण माझ्या चार पावलं मागून. प्राचार्यांनी सगळं ऐकलं. ते माझे जुने सहकारी, मला सांभाळून घ्यायची त्यांना सवय. म्हणाले, एवढं कशाला वाढवायचं, पहिल्या पेपरात बेरजेची चूक झाली असं दाखवू, एकोणतीसचे एकतीस करू, बाईंचंही काम झालं आणि तुमचंही नाव राहिलं. मी कबूल करतो, माझा श्वास मोकळा झाला. एवढं सगळं होऊनसुद्धा झाला. मी मान हलवणार होतो.

मावशी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बेरीज चुकली असं नका लिहू साहेब. माझं उत्तर बरोबर होतं असं लिहा."

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. मावशी बघत नव्हत्या. मी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि लिहून दिलं: प्रश्न क्रमांक सहा, परीक्षार्थीचं उत्तर बरोबर, उत्तरसूची चूक, कारण माझा तक्ता चूक, चूक मला दोन महिन्यांपूर्वी कळली होती आणि मी ती लपवली. शेवटचं वाक्य प्राचार्य गाळा म्हणाले. मी गाळलं नाही. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. दाराशी ती बाई उभी होती आणि तिला वाचता येत होतं.

त्यानंतर प्रात्यक्षिकाच्या त्याच तुकडीसमोर मला उभं राहावंच लागलं. हसली होती ती पोरं, त्यांना कळायला हवं होतं. मी सांगितलं की त्या दिवशी मावशी बरोबर होत्या आणि मी त्यांची चेष्टा केली. पोरं खाली बघत होती, एकाने उगाच पेन पाडलं. नवीन मॅडम दाराशी आल्या होत्या. नंतर जिन्यात त्या हळूच म्हणाल्या की त्यांना वर्षभरापूर्वीच शंका आली होती. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही रागावता ना सर." मी जिना उतरलो.

मावशी महिनाभरात सहायक झाल्या. नवी पुस्तिका करायची होती, आणि प्राचार्यांनी ती मी आणि मावशींनी मिळून तपासावी असा लेखी आदेश काढला. बहुधा माझ्यावर एकट्यावर सोडायची त्यांची हिंमत नव्हती. मावशींनी, नाही, आता मॅडम म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही आणि त्याचीही लाज वाटते, तर त्यांनी पहिल्याच दिवशी एक सुचवलं जे मला सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं. प्रत्येक ओळीसाठी असं उदाहरण घ्या ज्यात तिचा खालच्या ओळीशी सामना होईल. एकही जोडी सोडायची नाही. चूक असेल तर तिथल्या तिथे उघडी पडेल.

म्हणून आता आम्ही दुपारी त्यांच्या टेबलाशी बसतो, त्या खुर्चीवर, मी समोरच्या स्टुलावर. अमाइडचा नाइट्राइलशी सामना: २-सायनोएथेनामाइड, आडनाव अमाइडचं. नाइट्राइलचा अल्डिहाइडशी: ४-ऑक्सोब्युटेननाइट्राइल. दुसऱ्या परीक्षेतला तोच रेणू. मग अल्डिहाइडचा कीटोनशी: ३-ऑक्सोब्युटेनाल. प्रत्येक ओळीला त्या थांबतात आणि हे कुठे दिलंय असं विचारतात, मी पुस्तक उघडून जागा दाखवतो, त्या स्वतः वाचतात, मग पेन्सिलीने खूण करतात. माझी माफी मी दोनदा मागितली. दोन्ही वेळा त्यांनी पुढची ओळ काढली.

परवा कीटोन आणि अल्कोहोलवर आलो. ४-हायड्रॉक्सीब्युटॅन-२-ओन. मी एका दमात लिहिलं, कार्बनची साखळी मोजली, क्रमांक टाकले आणि पुढे सरकलो. हे मला झोपेत विचारलं तरी येतं. त्यांची पेन्सिल मात्र उचललेली तशीच होती.

"हे तर माहितीचं आहे," मी म्हटलं, "याला काय बघायचं?"

"पान दाखवा सर," त्या म्हणाल्या.

मी पुस्तक ओढलं आणि पान शोधायला लागलो.